आधी रॅम, ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर?

गेम अडकायला लागला की पहिला सल्ला मिळतो, 'कार्ड बदल रे!' खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर दुकानात जाण्याआधी अर्धा तास घरीच घालवा.

समजा पीसी असा आहे : २०१८ सालचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक. सेकंडहँड बाजारात असे पीसी बऱ्याचदा दिसतात. रोज उघडता तेच सगळं उघडा. गेम, डिस्कॉर्ड, क्रोमचे दहा टॅब. मग Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager मधलं Performance पान बघा.

Memory ९५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि गेम अडकतो त्याच क्षणी Disk उसळी घेत असेल, तर निकाल लागला. रॅममध्ये न मावणारा डेटा विंडोज डिस्कवर टाकतंय आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ. अशा वेळी नवं कार्ड घातलंत तरी झटके तसेच राहतील. त्याच पानावर Slots used बघा. तिथे '1 of 2' किंवा '1 of 4' असेल तर तशीच आणखी एक स्टिक घ्या. जागा वाढतेच, शिवाय दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात, म्हणजे ड्युअल चॅनल. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा. आणि हो, डीडीआर४च्या बोर्डात डीडीआर५ची स्टिक बसत नाही. खाचच वेगळ्या जागी असते.

रॅममध्ये जागा शिल्लक आहे, तरी एफपीएस कमीच? मग गेमचं रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस चांगलेच वाढले तर अडथळा कार्डाचा होता, कारण पिक्सेल रंगवण्याचं ओझं त्याच्यावर असतं. आकडा जागचा हलला नाही, तर प्रोसेसरकडे बघा. इथे एक गंमत आहे. या प्रोसेसरला १२ थ्रेड. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच दमला असला तरी CPU चा एकूण आकडा ३०-४० टक्केच दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबू नका. आलेखावर राइट क्लिक करून Logical processors निवडा, मग खरं काय ते कळतं.

आपल्या पीसीत रॅम १६ जीबी केल्यावर झटके गेले, पण जड गेममध्ये GPU ९८ टक्क्यांवर, तर पुढचा नंबर कार्डाचा. पण १०५० टीआय जेमतेम ७५ वॉट खातं, आरटीएक्स ३०६० मात्र १७०. कार्डाच्या किमतीत पॉवर सप्लायचाही खर्च धरावा लागू शकतो. प्रोसेसरचं तुलनेनं सोपं, बी४५० बोर्डात रायझन ५ ५६०० चालतो. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं. नाहीतर नवा बसवून बटण दाबाल आणि स्क्रीन काळीच राहील.