वीस टक्के तेच, धंदा मात्र तो नाही

कोल्हापूरच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे असं समजू. आकडे आपल्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत, पण असे ताळेबंद कुठल्याही सीएच्या टेबलावर सापडतील. पहिल्या वर्षी विक्री 10 कोटी आणि निव्वळ नफा 50 लाख. मालकांचं स्वतःचं भांडवल, साठलेल्या नफ्यासह, अडीच कोटी. म्हणजे भांडवलावर परतावा 20 टक्के. दुसऱ्या वर्षी विक्री 12 कोटी, नफा 54 लाख, भांडवल 2 कोटी 70 लाख. परतावा पुन्हा 20 टक्केच. विक्री वाढली, नफा वाढला, परतावा टिकला. पेढे वाटायला हरकत नाही, असं वाटतं.

हा परतावा फोडून बघायची रीत अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत 1910 च्या दशकात रुजली. डोनाल्डसन ब्राउन या तिथल्या अधिकाऱ्याने नफ्याचं प्रमाण आणि मालमत्तेची उलाढाल यांचा गुणाकार मांडला. कर्जाचा तिसरा घटक पुढे जोडला गेला. विक्रीच्या रुपयात नफा किती, मालमत्तेच्या रुपयामागे विक्री किती, आणि मालकाच्या रुपयावर एकूण मालमत्ता किती उभी आहे, हे ते तीन प्रश्न. उत्तरांचा गुणाकार केला की परतावा मिळतो.

आपल्या कारखान्याची मालमत्ता पहिल्या वर्षी 5 कोटी होती. म्हणून नफा 5 टक्के, उलाढाल 2 पट, भांडवलाच्या तुलनेत मालमत्ता 2 पट, गुणाकार 20. दुसऱ्या वर्षी मालमत्ता साडेसात कोटींवर गेली. नफा साडेचार टक्क्यांवर आला, उलाढाल 1.6 पटीवर घसरली आणि तिसरा आकडा 2 वरून 2.78 वर चढला. गुणाकार पुन्हा 20. धंद्याच्या दोन्ही खऱ्या बाजू खचल्या आणि ती खाच कर्जाने भरून काढली. एकट्या 20 टक्क्यांकडे बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

मालमत्ता अडीच कोटींनी वाढली, ती नव्या यंत्रांत गेली का? नाही. तिथे जेमतेम 28 लाख गेले. बाकीचे पैसे शोधायला दिवसांचा हिशेब लागतो. गोदामातला माल भागिले रोजचा उत्पादन खर्च, म्हणजे माल किती दिवस पडून राहतो. येणं भागिले रोजची विक्री, म्हणजे गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं. या बेरजेतून आपण पुरवठादारांना किती दिवस थांबवतो ते वजा करायचं. उरलेले दिवस आपल्या किंवा बँकेच्या पैशावर काढावे लागतात.

पहिल्या वर्षी माल 60 दिवस, उधारी 50, देणी 40. चक्र 70 दिवसांचं. दुसऱ्या वर्षी माल 90, उधारी 80, देणी 45. चक्र 125 दिवसांचं. विक्रीतली वाढ धरूनही 70 दिवसांचंच चक्र टिकलं असतं, तर माल आणि उधारीत, देणी वजा जाता, 2 कोटी 12 लाख पुरले असते. प्रत्यक्षात 3 कोटी 71 लाख अडकले. जादा 1 कोटी 59 लाख आले कुठून? बहुतेक बँकेच्या कॅश क्रेडिटमधून. बँकेसह इतर देणी 2 कोटी 2 लाखांनी वाढली.

नफ्याचं कोडंही इथेच सुटतं. उत्पादन खर्च वजा जाता उरणारा ढोबळ नफा दोन्ही वर्षी 27 टक्केच आहे, म्हणजे कारखान्यात काही बिघडलेलं नाही. खालचा अर्धा टक्का मुख्यतः व्याजाने खाल्ला. विक्रीची ती 20 टक्के वाढ बहुधा उधारी सैल सोडून मिळवलेली आहे.

पण घाईने आरोप करू नये. हे दिवस 31 मार्चच्या एका तारखेवरून काढलेले असतात. मार्चअखेर जोरात माल पाठवला असेल, तर उधारी उगाच फुगलेली दिसते. शिवाय येण्यात जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो, म्हणून उधारीचे दिवस जरा जास्तच निघतात. दोन्ही वर्षं एकाच रीतीने मोजली तर तुलनेला फारसा धक्का बसत नाही. सरासरी घेण्याचा मोह मात्र आवरावा. हातात दोनच ताळेबंद असले की सरासरी फक्त दुसऱ्याच वर्षाची निघते आणि इथे मालाचे 90 दिवस 70 होऊन सौम्य दिसतात.

शंका फेडायला आणखी एक जागा आहे. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांत येण्यांचं वय दाखवावं लागतं: सहा महिन्यांच्या आतलं किती, वर्षावरचं किती, तीन वर्षांवरचं किती. फुगलेली उधारी सहा महिन्यांच्या आतली असेल तर मार्चच्या घाईची शक्यता आहे. ती जुन्या रकान्यांत सरकत असेल, तर तो नफा अजून फक्त कागदावर आहे. शेअर घेण्याआधी किंवा एखाद्याला मोठी उधारी देण्याआधी ही टीप जरूर उघडून बघा.