बार्ली सरकली आणि जहाज बुडालं

सप्टेंबर १९५७. ब्युनॉस आयर्सहून बार्ली घेऊन निघालेलं ‘पामीर’ हे जर्मन शिडाचं जहाज अटलांटिकच्या वादळात बुडालं. ८६ जणांपैकी सहाच वाचले. बहुतेक बार्ली सुटी भरलेली होती. जहाज कललं, बार्ली एका अंगाला सरकली आणि जहाज पुन्हा सरळ झालंच नाही.

प्रवासात धान्य खाली बसतं, वर पोकळी राहते. म्हणून आजच्या बल्क कॅरिअरमध्ये खण भरत आला की लोडरचं तोंड फिरवून धान्य कोपऱ्यांपर्यंत पोहोचवतात. हेच ट्रिमिंग.

तेवढ्यावर भागत नाही. धान्य सरकलंच तरी जहाज १२ अंशांपलीकडे कलणार नाही, हा हिशेब कॅप्टनला निघण्याआधी मांडावा लागतो. अर्धवट भरलेल्या खणात धान्याचा माथा २५ अंश तिरका होईल असं धरतात. त्यामुळे असे खण जितके कमी तितकं बरं.