तीन सह्या, तीन वेळा : महाविद्यालयाच्या प्रसिद्धीपटाची आखणी

२०१९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यासाठी एक छोटी फिल्म निघाली. ती विद्यार्थ्यांच्याच समितीने प्रसिद्ध केली होती. फिल्ममध्ये जवळजवळ सगळे चेहरे गोरे होते. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या एका संघटनेचे चित्रीकरण झाले होते, पण संकलनात ते गळले. टीका सुरू झाल्यावर फिल्म मागे घ्यावी लागली आणि समितीने माफी मागितली. याच विद्यापीठावर २००० साली माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरील छायाचित्रात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा जोडल्याबद्दल नामुष्की ओढवली होती.

फिल्म करणारे विद्यार्थी असले म्हणजे ती सगळ्या विद्यार्थ्यांची होते असे नाही, हे या घटनेतून दिसते. शेवटची प्रत बाहेर पडण्याआधी ती कोणी पाहिली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘मंजुरी’ बहुधा फिल्म तयार झाल्यावर मागितली जाते. तोवर पैसे खर्च झालेले असतात, परीक्षा सुरू झालेल्या असतात आणि बदल सुचवणारा माणूस वैरी वाटू लागतो. यावरचा उपाय म्हणजे मंजुरी तीनदा घेणे : हेतू ठरताना, संहिता झाल्यावर आणि कच्चे संकलन हाती आल्यावर.

मंजुरी कोणाची, हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी यांच्याबरोबर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही असतात. म्हणजे व्यवस्थापन आणि विद्यार्थी एकाच टेबलाशी बसण्याची सोय कायद्यातच आहे. पण पूर्ण समितीने प्रत्येक दृश्यावर चर्चा केली तर फिल्म कधीच संपत नाही. समितीने तीन जणांना अधिकार द्यावेत : संस्थेचा एक पदाधिकारी, प्राचार्य आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. विद्यार्थी प्रतिनिधीने आपली सही करण्याआधी वसतिगृहातली मुले, रोज एस.टी.ने येणाऱ्या मुली, दिव्यांग विद्यार्थी आणि वेगवेगळ्या शाखांचे वर्गप्रतिनिधी यांना ती पाने दाखवावीत. परिषद अस्तित्वात नसेल तर राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि वर्गप्रतिनिधी यांतून माणूस निवडता येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातले कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय आहे. बारावीच्या निकालानंतर प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांना आणि पालकांना दाखवायला तीन मिनिटांची फिल्म हवी आहे. तारखा निकालापासून उलट मोजल्या की काम केव्हा सुरू करायचे ते कळते. निकाल मे महिन्यात लागतो, पण एप्रिल-मे मध्ये आवार रिकामे आणि झाडे सुकलेली असतात. मार्चमध्ये परीक्षा. जानेवारीच्या अखेरीपासून प्रयोगशाळा बारावीच्या प्रात्यक्षिकांत अडकतात. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा चित्रीकरणाला जानेवारीचा पहिला पंधरवडा उरतो. त्याआधी संहिता मंजूर हवी, म्हणजे पहिली बैठक ऑक्टोबरमध्ये.

पहिली सही एका पानावर. त्यावर चारच गोष्टी : फिल्म कोणासाठी, पाहून त्याने काय करावे, किती मिनिटांची आणि कुठे दाखवणार. याच पानावर मोठे मतभेद मिटतात. या महाविद्यालयात पदाधिकाऱ्यांना अध्यक्षांचे मनोगत आणि संस्थेचा इतिहास हवा आहे. विद्यार्थ्यांना कट्टा, क्रीडांगण आणि मेस. फिल्म बारावी झालेल्या मुलासाठी आहे हे पानावर लिहिले गेले की मार्ग निघतो. अध्यक्ष फिल्ममध्ये दहा-बारा सेकंद बोलतात. त्यांचे पूर्ण मनोगत त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्यासमोर वेगळे चित्रित होते आणि वर्धापनदिनाला दाखवले जाते.

दुसरी सही संहितेवर. ती दोन रकान्यांत लिहितात : डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. निवेदक सेकंदाला साधारण दोन शब्द बोलतो, म्हणून तीन मिनिटांत साडेतीनशेहून जास्त शब्द बसत नाहीत. मुलाखती आणि मोकळ्या जागा धरल्या तर निवेदनाला अडीचशेच उरतात. सगळे विभाग, सगळे पुरस्कार त्यात मावणार नाहीत, हे शब्द मोजले की सगळ्यांना दिसते आणि वाद कमी होतो.

या टप्प्यावर प्रत्येक दाव्यासमोर पुरावा लिहायचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेची शैक्षणिक जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नोकरीच्या किंवा यशाच्या दाव्याला पुरावा हवा आणि दाखवलेल्या सुविधा प्रत्यक्ष अस्तित्वात हव्यात, असे ती सांगतात. आपल्या महाविद्यालयात नव्या ग्रंथालयाचे बांधकाम सुरू आहे आणि त्याचे संगणकावर केलेले चित्र दाखवावे असा आग्रह आहे. ते वगळावे लागेल. त्याऐवजी सध्याची अभ्यासिका दिसेल. ‘वसतिगृहात सर्व सोयी’ या वाक्यावर विद्यार्थी प्रतिनिधी हरकत घेते, कारण गरम पाणी फक्त सकाळी येते. वाक्य बदलून खाटांची संख्या आणि बसस्थानकापासूनचे अंतर सांगितले जाते. पालकांना तीच माहिती हवी असते. असे बदल कागदावर दहा मिनिटांत होतात.

संमतिपत्रेही याच वेळी भरून घ्यायची. कनिष्ठ महाविद्यालयातली बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात, म्हणून पालकांची लेखी संमती घ्यावी. ड्रोन उडवायचा असेल तर आवार कोणत्या हवाई क्षेत्रात येते ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहून ठेवावे.

तिसरी सही कच्च्या संकलनावर. तिघांनी ते एकत्र बसून आधी मोठ्या पडद्यावर आणि मग आवाज बंद करून मोबाइलवर पाहावे, कारण बहुतेक मुले ती मोबाइलवरच पाहणार. सूचना तोंडी किंवा वेगवेगळ्या व्हॉट्सॲप संदेशांतून गेल्या तर संकलक एकाचे ऐकून दुसऱ्याचे मोडतो. सगळ्यांची मिळून एकच यादी करावी आणि प्रत्येक सूचनेसमोर वेळ लिहावी : ‘१ मिनिट ४२ सेकंद, रसायनशास्त्राच्या प्रयोगात मुलीला गॉगल नाही.’ यादीसाठी आठवडा पुरतो. पुन्हा चित्रीकरण मात्र तीनच कारणांसाठी करावे : माहिती चुकली, सुरक्षितता ढळली किंवा कोणी संमती मागे घेतली. ‘हा शॉट आवडला नाही’ हे कारण संहितेच्या बैठकीत चालते, इथे नाही.

याच टप्प्यावर संगीत अडचणीत आणते. संकलक ताल जुळवायला एखादे गाजलेले चित्रपटगीत तात्पुरते घालतो, आठ-दहा वेळा पाहून सगळ्यांना तेच आवडू लागते. पण गाण्याच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात आणि प्रसिद्धीपटासाठी दोन्हींची परवानगी लागते. महाविद्यालयातच गाणारी-वाजवणारी मुले असतील तर त्यांच्याकडून स्वतंत्र धून करून घेणे सोपे. त्यांच्याकडूनही लेखी परवानगी घ्यावी.

तिसऱ्या सहीनंतर दृश्यांचा क्रम गोठवतात. पुढे रंग, आवाज आणि उपशीर्षकांचेच काम राहते. आपल्या उदाहरणात ही सही फेब्रुवारीच्या मध्याला झाली, तर मार्चअखेर फिल्म तयार होते. येत्या मे महिन्यासाठी फिल्म हवी असलेल्या महाविद्यालयांनी विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते एक पान आताच घ्यावे आणि विद्यार्थी प्रतिनिधीला ते बैठकीच्या आठवडाभर आधी वाचायला द्यावे.