अर्ध्या नॅनोसेकंदाचा खोटा होकार

एका तारेवरून बिटांची रांग येते आहे आणि त्यात १, ०, १ हा क्रम दिसला की इशारा द्यायचा आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाने हे सर्किट कधी ना कधी कागदावर काढलेलं असतं. इशाऱ्याच्या तारेला एक काउंटर जोडला, की किती वेळा १०१ आलं ते मोजता येतं. कागदावर सगळं बरोबर असतं, सिम्युलेशनमध्येही बरोबर येतं, पण बोर्डवर काउंटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. जे बिट पाठवलेच नाहीत ते त्याने कुठून मोजले?

उत्तर सर्किटच्या रचनेत आहे. आतापर्यंत काय दिसलं, हे या सर्किटला लक्षात ठेवावं लागतं. त्याच्या तीन अवस्था पुरतात: अजून काही नाही, '१' दिसला, '१०' दिसलं. त्या दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये ००, ०१ आणि १० अशा साठवल्या जातात. फ्लिप-फ्लॉप हा कॅमेऱ्यासारखा असतो: क्लॉकचा ठोका पडतो त्या क्षणी समोर जे असेल ते टिपतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच चित्र धरून ठेवतो. मधल्या वेळात समोर कितीही गोंधळ झाला तरी त्याला त्याचं काही नसतं.

इशारा मात्र फ्लिप-फ्लॉपमधून येत नाही. '१०' ही अवस्था असताना समोर १ आला, की लगेच इशारा द्यायचा, असा नियम आहे. अवस्थेचा डावीकडचा बिट `q1` आणि येणारा बिट `x` एका अँड गेटमध्ये घातले की इशारा `y` तयार. आउटपुट अवस्थेवर आणि त्या क्षणीच्या इनपुटवर, अशा दोन्हींवर अवलंबून असलेल्या यंत्राला मिली मशीन म्हणतात. बेल लॅब्जमधल्या जॉर्ज मिली यांनी १९५५ साली ही मांडणी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी एडवर्ड मूर यांचा निबंध आला. त्यांच्या यंत्रात आउटपुट फक्त अवस्थेवरून ठरतं. मिली मशीनला बहुधा कमी अवस्था लागतात आणि ते पुढच्या ठोक्याची वाट न पाहता उत्तर देतं. घोटाळ्याचं मूळही याच तत्परतेत आहे.

आता १, ०, ०, १ अशी रांग पाठवून पाहू. यात १०१ कुठेच नाही. क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दर २० नॅनोसेकंदांनी एक ठोका. पहिल्या १ आणि ० नंतर यंत्र '१०' अवस्थेत आहे, `q1` हा १ आहे. पुढच्या ठोक्याला समोर दुसरा शून्य आहे, त्यामुळे यंत्राने सुरुवातीच्या अवस्थेत परतायचं, `q1` शून्य व्हायचा. त्याच ठोक्याने रांगेतला पुढचा बिट, म्हणजे १, `x` वर येतो. दोन्ही बदल एकाच ठोक्याने सुरू होतात, पण पोहोचतात वेगवेगळ्या वेळी. समजा, `x` ठोक्यानंतर एका नॅनोसेकंदाने १ झाला आणि `q1` दीड नॅनोसेकंदाने शून्य झाला. मधला अर्धा नॅनोसेकंद अँड गेटला दोन्हीकडे १ दिसतो. गेट पुरेसं वेगवान असेल तर ते प्रामाणिकपणे होकार देतं. याला ग्लिच म्हणतात. काउंटरच्या क्लॉकच्या पायावर हीच तार जोडलेली असेल, तर त्याला हा अणकुचीदार ठोका पुरतो आणि एक आकडा वाढतो.

ही चूक पकडणं अवघड असतं. गेटांना वेळच लागत नाही असं धरून चालणाऱ्या साध्या सिम्युलेशनमध्ये ती दिसत नाही. गेट आणि तारांचा प्रत्यक्ष विलंब धरावा लागतो. ज्या लॉजिक अॅनलायझरला सर्किटच्याच क्लॉकवर नमुने घ्यायला लावलंय, त्याला ती कधीच सापडणार नाही, कारण तो बघतो तोवर सगळं शांत झालेलं असतं. शिवाय विलंब तापमान, व्होल्टेज आणि चिपप्रमाणे बदलतो. त्यामुळे एक बोर्ड दिवसभर नीट चालतो आणि शेजारचा तसाच बोर्ड चुकतो. खऱ्या आणि मोजलेल्या आकड्यातला फरक हाच अनेकदा पहिला धागा असतो.

उपाय एका फ्लिप-फ्लॉपचा आहे. अँड गेटचं उत्तर थेट बाहेर सोडायचं नाही. ते आधी त्याच क्लॉकवर चालणाऱ्या आणखी एका फ्लिप-फ्लॉपला टिपू द्यायचं. व्हेरिलॉगमध्ये हे इतकंच:

```verilog
always @(posedge clk)
  y_reg <= q1 & x;
```

आपल्या रांगेत ग्लिच ठोक्यानंतर दीड-दोन नॅनोसेकंदांतच विरतो. नवा फ्लिप-फ्लॉप बघणार २० नॅनोसेकंदांनी, तेव्हा `q1` शून्यावर स्थिरावलेला असतो. तो शून्यच टिपतो. खरं १०१ आलं तर त्याला १ दिसतो आणि `y_reg` पूर्ण एक ठोका, २० नॅनोसेकंद, न थरथरता १ राहतो. पूर्वी इशाऱ्याची रुंदी `x` कधी बदलतो त्यावर ठरायची. आता ती क्लॉक ठरवतो. मात्र काउंटरही त्याच क्लॉकवर चालवून `y_reg` फक्त त्याच्या परवानगीच्या पायाला द्यावा. ती जास्त सुरक्षित रचना आहे.

मूर मशीन केलं असतं तर हे सगळं टळलं असतं, असं अनेकजण म्हणतात. ते नेहमी खरं नाही. मूर पद्धतीत '१०१ दिसलं' अशी चौथी अवस्था लागते. तिला ११ हा क्रमांक दिला, तर ०१ वरून १० वर जाताना उजवा बिट जरा उशिरा उतरला की क्षणभर ११ दिसतो आणि तोच खोटा होकार मिळतो. आउटपुट थेट फ्लिप-फ्लॉपमधून येतं की गेटांमधून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यंत्राचं नाव नव्हे.

हा फ्लिप-फ्लॉप सगळीकडे लावायची मात्र गरज नसते. `y` त्याच क्लॉकवरच्या दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या डेटा पायावर जात असेल, तर ठोक्याआधी ग्लिच निवळतो. क्लॉक, रीसेट, मेमरीला लिहायचा आदेश किंवा चिपबाहेर जाणारी तार असेल तिथे तो हवाच.

आणि `x` बाहेरच्या बटणातून, क्लॉकशी काहीही संबंध नसताना येत असेल, तर एवढ्याने भागत नाही. टिपण्याच्या नेमक्या क्षणीच इनपुट बदललं, तर फ्लिप-फ्लॉप ० आणि १ यांच्या मध्येच काही काळ अडकू शकतो. अशा `x` ला यंत्रात घेण्याआधीच एकामागे एक दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यावं लागतं.

या स्वच्छतेची किंमत वेळेची असते. मिली मशीनने पुढच्या ठोक्याआधीच दिलेलं उत्तर आता त्या ठोक्यापासून दिसू लागतं. १०१ मोजताना याने फरक पडत नाही. पण '`y` आला की थांब' असं दुसऱ्या सर्किटला सांगायचं असेल, तर पडतो. समजा, एक बफर भरत आलाय आणि त्याचा 'भरला' हा इशारा असा रजिस्टर केलेला आहे. इशारा पोहोचेपर्यंत पाठवणाऱ्याने आणखी एक शब्द पाठवलेला असतो आणि तो ठेवायला जागा नसते. म्हणून अशा बफरमध्ये एक जागा शिल्लक असतानाच 'भरला' म्हणावं लागतं.