शेगडीची आच येते कुठून?

गॅसच्या रेणूंतले बंध तुटले की त्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते, असं आपण सर्रास म्हणतो. ते चूक आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्चावीच लागते. ती मिळते नवे बंध जुळताना.

पाइपने घरी येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. १६ ग्रॅम मिथेन आणि तो जाळायला लागणारा ऑक्सिजन, यांचे सगळे बंध तोडायला सुमारे २६५० किलोज्यूल लागतात. त्याच अणूंपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होताना मात्र सुमारे ३४५० किलोज्यूल सुटतात. वरचे ८०० म्हणजे आपली आच. तोडणीची सुरुवात करायला ठिणगी लागते, पुढे ज्योतच ते काम करते. बंध तुटल्याने ऊर्जा मिळाली असती, तर मिथेनचा रेणू मुळात टिकलाच नसता.