अल्डिहाइडवर थांबायचं, तर पाणी नको

संत्र्याच्या सालीच्या वासात डेकॅनाल या अल्डिहाइडचा वाटा असतो. दहा कार्बनांच्या डेकॅनॉल या अल्कोहोलमधून दोन हायड्रोजन काढून घेतले की डेकॅनाल मिळतो. हायड्रोजन काढण्याचं काम क्रोमिअम उत्तम करतं. पण क्रोमिअम ट्रायऑक्साइड, सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी यांचं नारिंगी मिश्रण, म्हणजे जोन्स अभिकर्मक, वापरलं तर हाती डेकॅनॉइक आम्ल येतं. त्याला बोकडासारखा उग्र दर्प असतो. आपल्याला हवं होतं ते टप्पा ओलांडून पुढे गेलेलं असतं.

हे का होतं ते समजण्यासाठी क्रोमिअम नेमकं काय करतं ते पाहू. अल्कोहोलचा ऑक्सिजन आधी क्रोमिअमला जोडला जातो आणि क्रोमेट एस्टर तयार होतो. मग ज्या कार्बनवर तो ऑक्सिजन आहे, त्याच कार्बनवरचा एक हायड्रोजन सुटतो. त्याच्या बंधातले दोन इलेक्ट्रॉन कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध घडवतात आणि क्रोमिअमकडे दोन इलेक्ट्रॉन जातात. फ्रँक वेस्टहायमर यांनी 1949 मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या त्या एका हायड्रोजनच्या जागी त्यांनी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरिअम, बसवला. ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे सहापटीने घटला. म्हणजे अभिक्रियेचा वेग ठरतो तो हाच बंध तुटताना.

तीन प्रकारच्या अल्कोहोलांचं वागणं या एका हायड्रोजनवरून उलगडतं. तृतीयक अल्कोहोलमध्ये त्या कार्बनवर हायड्रोजनच नसतो. क्रोमेट एस्टर तयार झाला तरी पुढे काही घडत नाही आणि द्रावण नारिंगीच राहतं. मात्र आम्लात तापवलं, तर अल्कोहोलमधून पाणी निघून अल्कीन बनतं आणि ते ऑक्सिडाइझ होऊ लागतं, म्हणून ही पारख थंडच करावी. द्वितीयक अल्कोहोलमध्ये असा हायड्रोजन एकच. तो गेला की कीटोन बनतो आणि तिथेच थांबतो, कारण पुढे जायचं तर कार्बन-कार्बन बंध तोडावा लागेल.

खरी अडचण प्राथमिक अल्कोहोलची. त्याच्याकडे दोन हायड्रोजन असतात. एक गेल्यावर अल्डिहाइड बनतो, दुसरा त्याच्यावरच उरतो. तरीही अल्डिहाइड स्वतः क्रोमिअमला सहज धरू शकत नाही, कारण त्याच्याकडे मोकळा –OH गट नाही. तो गट त्याला पाणी देतं. पाण्याचा रेणू अल्डिहाइडला जोडला जातो आणि एकाच कार्बनवर दोन –OH असलेला हायड्रेट तयार होतो. क्रोमिअमच्या दृष्टीने हा हायड्रेट म्हणजे आणखी एक अल्कोहोलच! पुन्हा एस्टर, पुन्हा हायड्रोजन सुटणं, आणि शेवटी आम्ल.

म्हणून माझ्या मते 'सौम्य अभिकर्मक' या वर्णनावर विसंबून राहू नये. कोरी आणि सग्ज यांनी 1975 मध्ये मांडलेल्या पिरिडिनिअम क्लोरोक्रोमेटमध्ये, म्हणजे पीसीसीमध्ये, क्रोमिअम +6 याच अवस्थेत असतं, जोन्स अभिकर्मकात असतं तसंच. मोठा फरक माध्यमाचा आहे. पीसीसी कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये वापरतात. तिथे हायड्रेट बनायला पुरेसं पाणी नसतं, आणि अल्डिहाइड जसाच्या तसा राहतो.

आता डेकॅनॉलचंच उदाहरण घेऊ. 1.58 ग्रॅम डेकॅनॉलला दीडपट मोल, म्हणजे सुमारे 3.2 ग्रॅम पीसीसी लागतं. ते सुमारे 20 मिलिलिटर कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये ढवळत ठेवायचं आणि त्यात अल्कोहोल एकदम ओतायचं. खोलीच्या तापमानाला साधारण दीड-दोन तासांत काम होतं. नारिंगी मिश्रण काळपट पडतं आणि तळाशी चिकट गोळा साचतो. त्यात उत्पादन अडकतं, म्हणून ईथर घालून तो नीट धुवायचा आणि द्रव गाळून घ्यायचा. सगळ्या अल्कोहोलचं रूपांतर झालं तर 1.56 ग्रॅम डेकॅनाल मिळेल. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांच्या आसपास हाती येतो. द्रावक ओला असेल तर आम्लाची भेसळ होते. सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुताना बुडबुडे आले, तर शंका घ्यावी.

पीसीसी स्वतः किंचित आम्लधर्मी असतं. रेणूत आम्लाने बिघडणारा गट असेल, तर सोबत सोडिअम अ‍ॅसिटेट घालतात.

पीसीसी सौम्य म्हटलं तरी +6 अवस्थेतलं क्रोमिअम कर्करोगकारक आहे. उरलेला गोळा आणि धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. सोडिअम बायसल्फाइटने क्रोमिअम +3 अवस्थेत, हिरव्या रंगावर आणा आणि मगच ते धोकादायक कचऱ्याच्या डब्यात द्या.