सनदी लेखापालांचा निरोप आणि कागदपत्र-तपासणीची बैठक



दरवर्षी जुलैच्या मध्यास आपल्या सनदी लेखापालांकडून एक निरोप येतो. त्यात बैठकीचा दिनांक, वेळ व आणावयाच्या कागदांची यादी असते. पुष्कळ विश्वस्तांना वाटते की विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर, मग एवढी घाई कशासाठी? या प्रश्नाचे समाधान व्हावे म्हणून हा लेख. राजपुऱ्यासारख्या वस्तीतील एखाद्या देवस्थान न्यासाचे उदाहरण घेऊ; त्यातील आकडे समजण्यासाठी कल्पिले आहेत, नियम मात्र प्रत्यक्षातील आहेत.

निरोप साधारणतः असा असतो :

"मा. सचिव महोदय, स. न. वि. वि. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या हिशेबाची कागदपत्रे पाहण्यासाठी रविवार, दि. ३ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजता न्यासाच्या कार्यालयात बसू. कोषाध्यक्षांनी व पोर्टलवर ज्यांच्या नावे अधिकार आहे त्या विश्वस्तांनी कृपया उपस्थित राहावे. रोजकीर्द, खातेवही, सर्व बँक खात्यांची ३१ मार्चपर्यंतची विवरणे, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, हुंडी मोजणीचे पंचनामे, खर्चाची बिले व व्हाउचरे, आणि ३१ मार्चला देणे राहिलेल्या बिलांची यादी काढून ठेवावी. दि. ३१ ऑगस्टपूर्वी एक प्रपत्र भरावे लागण्याचा संभव आहे, म्हणून बैठक पुढे ढकलू नये. आपला, सनदी लेखापाल."

या निरोपातील कळीचे वाक्य शेवटचे आहे. ते समजण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा. आयकर अधिनियम, १९६१ नुसार नोंदणीकृत धार्मिक वा धर्मादाय न्यासाने वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांसाठी त्याच वर्षी खर्च केली पाहिजे. उरलेले १५ टक्के शिल्लक ठेवता येतात. खर्च ८५ टक्क्यांहून कमी पडला, तर तेवढी तूट करपात्र ठरू शकते.

आता उदाहरण पाहू. न्यासाचे २०२४-२५ चे उत्पन्न ६०,००,००० रुपये. त्याचे ८५ टक्के म्हणजे ५१,००,००० रुपये. वहीत खर्च दिसतो ५२,४०,००० रुपये. कोषाध्यक्ष निश्चिंत असतात, कारण वरकरणी खर्च १,४०,००० रुपयांनी अधिकच झालेला आहे. परंतु बैठकीत व्हाउचरे एकेक करून पाहिली जातात, तेव्हा दोन गोष्टी पुढे येतात.

पहिली गोष्ट सभामंडपाच्या दुरुस्तीची. कंत्राटदाराचे ६,४०,००० रुपयांचे बिल मार्चमध्ये आले व खर्चात धरले गेले. धनादेश मात्र १२ एप्रिल २०२५ रोजी दिला. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून न्यासाचा खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरला जातो. केवळ बिल येऊन चालत नाही. म्हणून ही रक्कम २०२४-२५ च्या हिशेबातून वगळावी लागते. ३१ मार्चला देणे राहिलेल्या बिलांची यादी लेखापाल स्वतंत्रपणे मागतात, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट उत्सवातील रोख खर्चाची. मंडपवाल्यास एका दिवशी ३५,००० व फुलवाल्यास २५,००० रुपये रोख दिले. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास तो खर्च धरला जात नाही. येथे केवळ १०,००० च्या वरचा भाग जातो असे नाही, संपूर्ण रक्कमच जाते. एकाच दिवसाची चार व्हाउचरे करून उपयोग होत नाही, कारण त्या व्यक्तीस त्या दिवशी दिलेल्या रकमांची बेरीज पाहिली जाते. अशा रीतीने आणखी ६०,००० रुपये वगळले जातात.

उरला खर्च ४५,४०,००० रुपये. ५१,००,००० च्या तुलनेत ५,६०,००० रुपयांची तूट. वहीत जेथे वाढावा दिसत होता, तेथे आता कराचा प्रश्न उभा राहिला.

यावर कायद्याने मार्ग ठेवला आहे. ही तूट पुढील वर्षी खर्च करू, असा पर्याय न्यास प्रपत्र ९ए भरून निवडू शकतो. मग ती रक्कम चालू वर्षीच खर्च झाली असे मानले जाते. आपल्या उदाहरणात एप्रिलमध्ये दिलेले ६,४०,००० रुपये पुढील वर्षाच्या खर्चात येतातच. त्यांतील ५,६०,००० या तुटीच्या पोटी जातील व उरलेले ८०,००० मात्र २०२५-२६ च्या हिशेबात धरता येतील. तोच खर्च दोनदा मोजता येत नाही. रक्कम एखाद्या ठरावीक कार्यासाठी, उदाहरणार्थ भक्तनिवासासाठी, अधिक काळ साठवावयाची असेल तर प्रपत्र १० लागते. त्यासाठी कार्याचा स्पष्ट उल्लेख असलेला विश्वस्त मंडळाचा ठराव हवा. साठवण जास्तीत जास्त पाच वर्षांची असते व पैसे कायद्याने मान्य केलेल्या ठेवींतच ठेवावे लागतात.

ही दोन्ही प्रपत्रे विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी दोन महिने, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत भरावीत, असा नियम आहे. उशिरा पण विवरणपत्राच्या मुदतीत भरल्यास सवलत नाकारू नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. तरी त्या आधारावर विसंबून कागद ऑक्टोबरमध्ये काढणे शहाणपणाचे नाही. त्यानंतर ३० सप्टेंबरला लेखापरीक्षण अहवालाची मुदत येते. २०२५ साली ती मुदत वाढवून पुढे १० नोव्हेंबर व विवरणपत्राची १० डिसेंबर करण्यात आली होती. परंतु वाढ अगदी अखेरीस जाहीर होते, तिच्या भरवशावर बैठक ठरविता येत नाही.

निरोपात विश्वस्तांची उपस्थिती मागितली आहे, तिचेही कारण आहे. लेखापालांनी अहवाल पोर्टलवर चढविला म्हणजे काम संपले असे नव्हे. न्यासाच्या खात्यातून अधिकृत विश्वस्तांनी तो स्वीकारला तरच तो दाखल होतो. ते विश्वस्त निवृत्त झालेले असले, वा त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असली, तर अहवाल तसाच अडकून राहतो. विश्वस्त बदलले असतील तर पोर्टलवरील नोंदीबरोबरच सार्वजनिक न्यासाच्या निबंधकाकडील नोंदही पाहावी. महाराष्ट्रातील नातलगांकडून आपण धर्मादाय आयुक्तांचे नाव ऐकतो. बुऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कक्षेत येते व येथे निबंधकाचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली झाला, त्यामुळे जुन्या न्यासांचे मूळ कागद खंडव्याच्या काळातले असतात. तेही फाइलीत लावून ठेवावेत.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. त्यानुसार कलमांचे व प्रपत्रांचे क्रमांक बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीच्या निरोपातील क्रमांक व दिनांकच प्रमाण मानावेत.

कोषाध्यक्षांनी बैठकीपूर्वी एवढे करावे : ३१ मार्चची देणी एका कागदावर लिहावीत व प्रत्येकीपुढे पैसे दिल्याचा दिनांक घालावा, आणि १०,००० रुपयांवरील रोख व्हाउचरे वेगळी काढावीत. या दोन कागदांवरून तूट आहे की नाही हे बैठकीच्या पहिल्या तासातच कळते, आणि ३१ ऑगस्टपूर्वी ठराव करण्यास अवधी उरतो.